चौदाच बायका का?

सामाजिक शास्त्रांत पीएच.डी. करणाऱ्याला ३८४ या आकड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. क्रेसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये एक तक्ता छापला. लोकसंख्या एवढी असेल तर नमुना एवढा घ्या, असं सांगणारा. लोकसंख्या दहा लाखांवर गेली की तक्त्यातला नमुना ३८४ वर येतो आणि त्यापुढे ती कितीही वाढली तरी आकडा जवळपास हलत नाही. प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांना या तक्त्याने मोठाच आधार दिला.

आता याच तक्त्यावर ज्याची निम्मी हयात गेली आहे, अशा परीक्षकाच्या टेबलावर एक प्रबंध येतो. पानं तीनशे, मुलाखती चौदा. त्याचा पहिला प्रश्न काय असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरीही व्हायवाच्या दिवशी या प्रश्नाने भले भले गडबडतात. खरं तर तयारीला वाव भरपूर असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला जातो आणि त्यांतला किमान एक जण मौखिक परीक्षेला असतो. हाच तो 'एक्स्टर्नल'. त्याचा अहवाल व्हायवाच्या आधीच विद्यापीठात पोचलेला असतो. नमुन्याबद्दलची शंका बहुधा त्यात एखाद्या ओळीत दिसतेच. ती ओळ वाचून उत्तर जुळवायला बसणाऱ्याला मात्र उशीर झालेला असतो, कारण या प्रश्नाचं उत्तर मुलाखती चालू असताना वहीत उतरावं लागतं. नंतर सुचलेलं उत्तर आणि तेव्हा लिहिलेलं उत्तर यांतला फरक मुरलेल्या परीक्षकाला लगेच कळतो.

हे नीट कळण्यासाठी एक उदाहरण मनाशी धरू. समजा, समाजकार्य विषयातली एक संशोधक बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांशी बोलते आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि कामाला दांडी पडली की खाडा कापला जातो. गरोदर बाई फडावर असताना तपासणीला जायचं की नाही, हे कोण आणि कसं ठरवतं, असा या संशोधकाचा प्रश्न आहे. तिने चौदा बायकांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक मुलाखत तास-दीड तासाची. शब्दन् शब्द उतरवून काढला, ओळीओळीला नाव दिलं. 'खाड्याची भीती', 'सासूचा सल्ला', 'कार्ड गावात राहिलं' अशी ही नावं. संशोधक त्यांना 'कोड' म्हणतात.

तर, चौदाच का?

पहिलं वाईट उत्तर असतं, "सर, वेळ कमी होता." ते खरं असतं, पण परीक्षक त्याचं काही करू शकत नाही. दुसरं वाईट उत्तर जास्त फसवं आहे, कारण ते अभ्यासू वाटतं. "गेस्ट आणि त्यांचे सहकारी म्हणतात की बारा मुलाखती पुरतात." गुणात्मक संशोधनात या संदर्भाएवढा वापरला गेलेला, आणि मूळ न वाचताच वापरला गेलेला, दुसरा संदर्भ सापडणं कठीण. तेव्हा तो निबंध नेमका काय सांगतो ते पाहू.

ग्रेग गेस्ट, अर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी तो २००६ मध्ये 'फील्ड मेथड्स' या नियतकालिकात छापला. त्यांच्याकडे घाना आणि नायजेरिया या दोन देशांतल्या, एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती होत्या, दर देशातल्या तीस. त्यांनी सहा-सहा मुलाखतींचा गट करून कोड मोजले. घानाच्या पहिल्या सहांत ८० कोड निघाले. पुढच्या सहांत आणखी २०. उरलेल्या अठरा मुलाखतींत मिळून फक्त ९ नवे. मग नायजेरियाच्या तीसही मुलाखती वाचल्या, त्यांत भर पडली ती अवघ्या ५ कोडची. एकूण ११४, त्यांतले १०० पहिल्या बारा मुलाखतींतच हाती आले होते.

इथून 'बारा' हा आकडा सुटला आणि जगभर फिरला. मागे राहिल्या त्या अटी. त्या सगळ्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकाच प्रकारच्या परिस्थितीतल्या होत्या, सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते आणि विषयही आटोपशीर होता. गट मिश्र असेल किंवा प्रश्न दर मुलाखतीत बदलत असतील तर बारा पुरणार नाहीत, हे लेखकांनीच बजावलं आहे. शिवाय बारा पुरले असते हे त्यांना कळलं साठ मुलाखती झाल्यावर. ज्याने बाराच घेतल्या, त्याला तेराव्या मुलाखतीत काय निघालं असतं हे कसं कळणार? परीक्षकाने निबंध वाचलेला असेल तर तो एवढंच विचारतो, "तुमच्या बायका घानातल्या बायकांइतक्या एकसारख्या आहेत का?" आणि उमेदवार गप्प होतो. हा संदर्भ द्यायला हरकत नाही, पण त्याच्या अटी आपल्या अभ्यासाला कुठे लागू पडतात आणि कुठे नाही, हे स्वतःच सांगून टाकावं.

चांगलं उत्तर याहून साधं असतं. आपल्या संशोधकाने मुलाखती सुरू करण्याआधी वहीत एक नियम लिहून ठेवला. आधी दहा मुलाखती. त्यानंतर ओळीने तीन मुलाखतींत एकही नवा कोड निघाला नाही तर थांबायचं, नाहीतर पुढे जायचं. ही कल्पना तिची नाही. जिल फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा दहा आणि तीनचा नियम मांडला. मग तिने प्रत्येक मुलाखतीपुढे नव्या कोडची संख्या लिहिली. आपल्या कल्पित उदाहरणात पहिल्या दहांत ४० कोड निघाले. अकराव्या बाईने दोन नवे दिले. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या मुलाखतीपुढे शून्य. म्हणून चौदा. पंधरा हा गोंडस आकडा गाठायला ती गेली नाही.

गोंडस आकड्यांचीही एक गोष्ट आहे. मार्क मेसन यांनी २०१० मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधले मुलाखतींवर आधारलेले ५६० पीएच.डी. प्रबंध तपासले. सरासरी नमुना ३१ निघाला. पण गंमत आकड्यांच्या वाटपात होती. दहा, वीस, तीस, चाळीस असे दहाच्या पटीतले आकडे नको तितके जास्त होते. माहितीत नवं काही येणं थांबलं म्हणून मुलाखती थांबवल्या असत्या तर एवढ्या जणांचं बरोबर विसावर किंवा तिसावर थांबणं जरा अवघडच. तेव्हा प्रबंधात तीस मुलाखती असतील तर परीक्षक "कमी का?" असं विचारणार नाही कदाचित, पण "तीसच का?" असं विचारू शकतो, आणि तो प्रश्न जास्त बोचरा असतो.

नवं काही मिळणं थांबण्याच्या या अवस्थेला संशोधक 'सॅच्युरेशन' म्हणतात, मराठी पुस्तकांत संपृक्तता. तिचं मूळ बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या पुस्तकात आहे. तिथे तिचा अर्थ बराच कडक होता. रचत आणलेल्या सिद्धान्ताच्या प्रत्येक कप्प्यात नवी माहिती भर घालेनाशी झाली, की तो कप्पा भरला. आता 'सॅच्युरेशन झालं' हे वाक्य प्रबंधात अनेकदा शिक्का मारावा तसं येतं. कधी झालं, कशावरून झालं, हे पुढे लिहिलेलंच नसतं.

आपल्या संशोधकाकडे तर वही आहे. मग ती सुटली का? नाही. मुरलेला परीक्षक इथेच खुर्चीत पुढे सरकतो.

"बारा, तेरा, चौदा, या तिघी कुठल्या?"

"सर, एकाच गावच्या."

"टोळी?"

"एकच."

"आणि तुम्हाला त्यांच्यापर्यंत कोणी नेलं?"

"मुकादमाच्या बायकोने."

ओळीने तीन शून्यं पडली ती सगळं ऐकून झालं म्हणून, की एकाच टोळीतल्या तिघी जणी तेच बोलल्या म्हणून? शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली तीन शितं काढून होत नाही. शिवाय मुकादमाच्या बायकोने दाखवलेली बाई खाड्याबद्दल कितपत मोकळेपणी बोलेल, हा प्रश्न वेगळाच. छोट्या अभ्यासाचं मर्म बहुतेक वेळा इथे असतं. संख्या लहान असते तेव्हा प्रत्येक बाई कुठून आली याला वजन येतं. ३८४ जणींत तिघी एका टोळीतल्या असल्या तर फारसं बिघडत नाही, चौदांत बिघडतं.

म्हणून त्या वहीत नव्या कोडच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत. बाई कोणत्या तालुक्यातली, कोणत्या टोळीतली, आणि तिची ओळख कोणी करून दिली. आशाताईने, अंगणवाडीसेविकेने, मुकादमाने, की आधी मुलाखत दिलेल्या मैत्रिणीने. शेवटच्या मुलाखती मुद्दाम दूरच्या ठेवाव्यात, म्हणजे वेगळा तालुका, वेगळा मध्यस्थ, पहिलटकरणीऐवजी तिसऱ्या खेपेची बाई. इतक्या वेगळ्या ठिकाणी जाऊनही नवं काही निघालं नाही तर त्या शून्याला किंमत आहे.

प्रबंध बांधून झाला असेल आणि शेवटच्या तिघी एकाच टोळीतल्या निघाल्या असतील, तरी एक तपासणी घरबसल्या करता येते. ४२ कोडांपैकी किती कोड चौदांतल्या एकाच मुलाखतीत आले, ते मोजायचं. असे एकुलते कोड तीन-चार असतील तर काळजी कमी. बारा-पंधरा असतील तर न भेटलेल्या बायकांकडे सांगण्यासारखं अजून बरंच शिल्लक असणार, मग वहीत शेवटी शून्यं कितीही असोत. हा आकडा हातात घेऊन व्हायवाला गेलेली उमेदवार "हो सर, खाड्याच्या बाबतीत मला पुरेसं मिळालं, पण बाळंतपणानंतर कामावर परतण्याबद्दलचे कोड बहुतेक एकेकटे आहेत, तिथे माझा निष्कर्ष कच्चा आहे" असं सांगू शकते. असं उत्तर परीक्षकाला आवडतं, कारण पुढचा जो प्रश्न तो विचारणार होता त्याचं उत्तर त्यातच आलेलं असतं.

कोड भरणं आणि अर्थ भरणं यांत फरक आहे, हेही ध्यानात ठेवावं. मोनिक हेनिंक, बॉनी कायझर आणि व्हिन्सेंट मार्कोनी यांनी २०१७ मध्ये २५ सखोल मुलाखती घेऊन तो मोजून दाखवला. मुद्द्यांची यादी नऊ मुलाखतींतच पुरी झाली होती. पण ते मुद्दे नीट उमगायला, म्हणजे ते का घडतं, कोणाच्या बाबतीत कसं बदलतं, हे कळायला सोळा ते चोवीस मुलाखती लागल्या. 'खाड्याची भीती' हा कोड पहिल्याच बाईकडून मिळतो. पण ती भीती नेमकी पैशाची, की दुसऱ्या दिवशी मुकादम चारचौघांत बोलेल याची, की पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही याची, हे सुटं करायला बऱ्याच जणी बोलाव्या लागतात. प्रबंधात नुसती मुद्द्यांची यादी असेल तर चौदा खूप झाल्या. प्रत्येक मुद्द्याची उकल केल्याचा दावा असेल तर परीक्षकाला पुरावा मागण्याचा हक्क आहे.

दावा आणि नमुना यांचं हे न जुळणं खरं पकडलं जातं ते तक्त्यांत. चौदा मुलाखतींच्या प्रबंधात 'तपासणीला न गेलेल्या: ७१.४३ टक्के' असं छापलेलं असतं. म्हणजे चौदांतल्या दहा. एक बाई इकडची तिकडे झाली की हा आकडा सात टक्क्यांनी हलतो, तिथे दशांश चिन्हापुढचे दोन अंक कशासाठी? टक्केवारी लिहिली की वाचणारा ती साऱ्या ऊसतोड बायकांना लावतो, आणि मग ३८४ वाला परीक्षक आपल्या हक्काच्या मैदानात येतो. तिथे उमेदवार हरणारच. 'चौदांपैकी दहा जणी' असं लिहिलं तर ते मैदान उघडतच नाही. 'बहुतेक ऊसतोड स्त्रिया' हे शब्दही तसेच घातक. 'मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक जणी' एवढंच म्हणावं.

संख्याशास्त्राच्या माणसाला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायचं असेल तर एक छोटा हिशेब उपयोगी पडतो. समजा एखादा अनुभव शंभरातल्या वीस बायकांना येतो. चौदा बायका अगदी सरसकट, चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या तर त्यांतल्या एकीनेही तो अनुभव न सांगण्याची शक्यता चार-साडेचार टक्के. म्हणजे तो निसटणं अवघड. तोच अनुभव शंभरातल्या दहा जणींचा असेल तर निसटण्याची शक्यता जवळपास तेवीस टक्के होते, आणि पाच जणींचा असेल तर जवळपास निम्मी. चौदा मुलाखती ठळक गोष्टी धरतात, विरळ गोष्टी सोडतात, एवढं यातून दिसतं. आपल्या संशोधकाने चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, त्यामुळे हे आकडे तिच्या अभ्यासाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. हेही परीक्षकाने दाखवून देण्याआधी तिनेच म्हणावं.

"मग हे निष्कर्ष इतर कुठे लागू होतात?" हा त्यापुढचा प्रश्न. इथे उमेदवार एकतर "सगळीकडे" म्हणतो नाहीतर "कुठेच नाही, ही माझ्या अभ्यासाची मर्यादा आहे" म्हणून मान खाली घालतो. दोन्ही चूक. यव्होना लिंकन आणि ईगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये याचं एक वाजवी उत्तर दिलं आहे. निष्कर्ष दुसरीकडे न्यायचा की नाही हे तिथली परिस्थिती जाणणारा वाचक ठरवेल. संशोधकाचं काम, त्याला ठरवता येईल इतकं बारीक वर्णन देणं. वीटभट्टीवरच्या बायकांचा अभ्यास करणाऱ्याला आपल्या संशोधकाचे निष्कर्ष लागू पडतील का? तिथेही आगाऊ रक्कम असेल, जोडीने काम असेल आणि दवाखाना लांब असेल, तर काही प्रमाणात पडतील. हे ठरवायला प्रबंधात उचल, खाडा आणि फडापासून दवाखान्याचं अंतर यांचं वर्णन हवं. "जिल्हा: बीड, वयोगट: २० ते ३५" एवढ्यावर ते ठरवता येत नाही.

आता एक सापळा, ज्यात हुशार विद्यार्थी जास्त सापडतात. सॅच्युरेशन ही सगळ्यांना मान्य असलेली कसोटी नाही. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या पद्धतीने आशयसूत्रं काढायची तर, ती माहितीत आधीपासून दडलेली नसतात, संशोधक वाचता वाचता ती घडवतो, असं धरून चालावं लागतं. मग ती 'संपली' असं कसं म्हणणार? २०२१ च्या एका निबंधात या दोघींनी आपल्या पद्धतीसाठी सॅच्युरेशनचा आधार घेऊ नका असं स्पष्टच म्हटलं आहे. तरीही तिसऱ्या प्रकरणात ब्राउन आणि क्लार्क यांची पद्धत वापरल्याचं लिहिलेलं आणि चौथ्यात सॅच्युरेशन गाठल्याचं, असे प्रबंध येतात. परीक्षकाने दोन्ही पानं उघडून समोर ठेवली की बोलायला काही उरत नाही.

या वाटेने जायचं असेल तर आधार वेगळा शोधावा. नॉर्वे-डेन्मार्कमधल्या कर्स्टी माल्टेरूड, फोल्कर्ट सिअर्स्मा आणि अॅन डोरित ग्वासोरा यांनी २०१६ मध्ये 'माहितीची ताकद' ही कल्पना मांडली. एकेका मुलाखतीत विषयाला धरून जितकी जास्त माहिती, तितक्या कमी मुलाखती लागतात. प्रश्न किती नेमका आहे, माणसं त्या प्रश्नाला किती जवळची आहेत, आधी उभारलेल्या सिद्धान्ताचा टेकू आहे का, संवाद किती खुलला आणि विश्लेषण मोजक्या माणसांत खोल जाणारं आहे की अनेकांची तुलना करणारं, यावर ती ताकद ठरते. आपल्या संशोधकाचा प्रश्न नेमका आहे आणि बायका थेट त्या अनुभवातून गेलेल्या आहेत. ही तिची जमेची बाजू. पण पहिल्या चार मुलाखतींत सासू शेजारी बसलेली होती आणि बाई एका वाक्यापुढे बोलली नव्हती, तर त्या चारांची ताकद चार नव्हे. परीक्षकाला हे उताऱ्यांवरून दिसतंच. प्रबंधात उद्धृत केलेली सगळी वाक्यं पाच-सहा बायकांचीच असतील, तर बाकीच्या आठ कुठे गेल्या, असा प्रश्न तो विचारणार.

हा शेवटचा हिशेब व्हायवाच्या आठवडाभर आधीही करता येतो. प्रत्येक बाईला दिलेला क्रमांक घ्यायचा आणि तिचे उतारे किती वेळा आले ते मोजायचं. सातव्या क्रमांकाची बाई एकदाही आली नसेल तर ती का नाही हे आधीच शोधून ठेवायचं. बहुतेक वेळा कारण असं असतं की ती बाकीच्यांसारखं बोलली नाही. ती तपासणीला गेली, खाडा कापला गेला, तरी गेली. मुख्य सूत्रात बसत नाही म्हणून ती गाळली गेलेली असते. खरं तर अशा उलट उदाहरणावरच छोट्या अभ्यासाची भिस्त असते. ती का गेली? तिची उचल तिच्या नावावर नव्हती म्हणून, की भाऊ त्याच टोळीत होता म्हणून? याचं उत्तर प्रबंधात असेल तर तेराजणींबद्दलचं विधान जास्त पक्कं होतं, कारण ते कुठे लागू होत नाही हेही त्यात आलेलं असतं.

परीक्षक मवाळ असला तर शेवटी बहुधा एक सोपा वाटणारा प्रश्न विचारतो, "पंधरावी मुलाखत घ्यायची मुभा मिळाली तर कोणाची घ्याल?" 'अजून एका ऊसतोड बाईची' हे उत्तर त्याला नको असतं. वहीतले रकाने ज्याने भरले आहेत त्याला कोणता रकाना रिकामा राहिला हे ठाऊक असतं. आपल्या संशोधकाच्या वहीत गरोदर असताना तोडीला न जाता गावातच थांबलेली एकही बाई नाही. तिच्या वाट्याचा कोयता त्या हंगामात कोणी धरला आणि उचलीचं काय झालं, हे विचारायला ती जाईल.